चेहरा मोठा, लक्ष जास्त? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : क्लोजअप किती 'जवळचा' हे आकड्यात कसं मांडायचं?

चेहरे शोधणारा प्रोग्राम चेहऱ्याभोवती जी चौकट आखतो, तिची उंची भागिले फ्रेमची उंची. १०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये चौकट ५४० असेल तर ०.५. हा क्लोजअप झाला. लाँग शॉटमध्ये हाच आकडा ०.१ च्या खाली जातो. आधी वर-खालच्या काळ्या पट्ट्या कापा, नाहीतर भागाकारच चुकतो. सेकंदाला दोन फ्रेम तपासून प्रत्येक शॉटचा मध्यक घ्या. कॅमेरा शॉटमध्येच पुढे सरकत असेल, तर सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वेगळा लिहून ठेवा. उभ्या रीलचे आकडे मात्र आडव्या व्हिडिओच्या आकड्यांत मिसळू नका.

प्रश्न : माझ्या मुलाखतीत एकच माणूस बोलतो, तरी प्रोग्रामला दोन चेहरे दिसतात. मधेच एकही दिसत नाही.

मागच्या भिंतीवर तसबीर आहे का, पाहा. शॉटभर जागा आणि आकार जराही न बदलणारा चेहरा बहुधा तोच असतो, तो गाळा. चेहरा गायब होण्याचं कारण उलटं. समोरून पाहणाऱ्या चेहऱ्यांवर शिकवलेल्या साध्या डिटेक्टरला मान वळवलेला किंवा तोंडावर हात घेतलेला माणूस सापडत नाही. तिथे शून्य भरू नका, जागा रिकामी ठेवा. शून्य भरलंत तर ऐन भावुक क्षणीचा क्लोजअप लाँग शॉट म्हणून नोंदला जाईल. शंभरेक फ्रेम डोळ्यांनी तपासल्याशिवाय मी कुठल्याच आकड्यावर विसंबत नाही.

प्रश्न : हे आकडे यूट्यूबच्या रिटेन्शन आलेखाशी, म्हणजे कुठल्या क्षणी किती टक्के प्रेक्षक उरले त्याच्याशी, ताडून पाहिले. क्लोजअपमध्ये प्रेक्षक कमी गळतात. सिद्ध झालं ना?

नाही. यूट्यूबच्या ॲनालिटिक्स एपीआयमधून हा आलेख व्हिडिओचे शंभर भाग करून मिळतो. तुमचा व्हिडिओ वीस मिनिटांचा असेल, तर एक भाग बारा सेकंदांचा. चार सेकंदांचा क्लोजअप त्यात शेजारच्या शॉटसकट विरघळतो.

लांब शॉट घेतले तरी एक फसगत उरते. समजा, मिड शॉटच्या एका मिनिटात प्रेक्षक ५० टक्क्यांवरून ४६ वर आले, पुढच्या मिनिटभराच्या क्लोजअपमध्ये ४४ वर. म्हणजे होते त्यांतले आधी ८ टक्के गळाले, नंतर साधारण ४.३. क्लोजअप जिंकला असं वाटतं. पण त्यापुढच्या मिनिटात पुन्हा मिड शॉट आहे आणि आकडा ४२.५ वर येतो, म्हणजे गळती ३.४ टक्केच. आलेख मुळातच सपाट होत चालला होता. कंटाळणारे आधीच उठून गेले होते. म्हणून दोन्ही बाजूंचे शेजारी पाहायचेच.

शिवाय संकलक क्लोजअप लावतो तो बोलण्यात रंग भरल्यावर. प्रेक्षक थांबले ते चेहऱ्यासाठी की किश्शासाठी?

प्रश्न : मग ते वेगळं कसं करायचं?

मुलाखत फोर-केमध्ये चित्रित करा. त्यातून १९२० बाय १०८० च्या दोन प्रती काढा : एकीत पूर्ण फ्रेम लहान करून, दुसरीत मधला तुकडा कापून. दुसरीत चेहरा दुप्पट होतो. आवाज आणि कट तेच राहतात. कोणाला कोणती प्रत हे चिठ्ठी टाकून ठरवा आणि कोण कुठे थांबलं ते सेकंदानिशी नोंदवा. कापताना डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागाशी ठेवा, नाहीतर कपाळ कापलेल्या चौकटीचा दोष क्लोजअपच्या माथी येईल.