शुगर वाढण्यामागे कॉर्टिसोल असेल तर ते कसं ओळखायचं?

प्रश्न: वय ३५, घरात कुणालाच डायबेटीस नाही, तरी जेवणानंतरची शुगर २८० आणि बीपीही वाढलंय. हे हार्मोनमुळे असू शकतं का? कुठली टेस्ट करू?

असू शकतं, पण क्वचित. या वयातही बहुतेकांना साधा टाइप २ डायबेटीसच निघतो. त्यामुळे टेस्टच्या आधी अंगावरच्या खुणा बघा.

मी फिजिशियन आहे. माझ्याकडे छत्तिशीची एक बाई आली होती. तीन गोळ्या चालू असूनही उपाशीपोटी १३०, जेवणानंतर ३००. पोट सुटलेलं, चेहरा गरगरीत, हातपाय मात्र बारीक. पोटावर बोटभर रुंद, जांभळट चट्टे होते. बाळंतपणानंतरचे पांढुरके व्रण तसे नसतात. बीपीचा पट्टा बांधला तिथे काळं-निळं पडलं. उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगितलं, तर उठता येईना. नुसतं पोट आणि वजन तर कुणाचंही वाढतं. पण चट्टे, त्वचेखाली सहज रक्त साकळणं आणि मांड्यांतली ताकद जाणं एकत्र दिसलं की मला कॉर्टिसोल, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीतलं हार्मोन, जास्त असल्याचीच शंका येते.

पहिली चौकशी मात्र औषधांची. गुडघेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुड्या, गोरं होण्याची क्रीम, सांध्यातली इंजेक्शनं यांत कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टेरॉईड असू शकतं, आणि बाहेरून आलेल्या स्टेरॉईडनेही हेच सगळं होतं. तसं काही चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तोवर झोपलेलं असतं, बीपी कोसळू शकतं.

आता टेस्ट. सकाळचं कॉर्टिसोल एकदाच तपासून या आजाराबद्दल काही कळत नाही, कारण सकाळी ते सगळ्यांचंच जास्त असतं. (पॅकेजमध्ये ते का घालतात, देव जाणे.) त्याऐवजी रात्री ११ला डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची १ मिग्रॅ गोळी घेऊन सकाळी ८ला रक्त देतात. निरोगी माणसात कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जातं. त्या बाईंचं १४ आलं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटाच जास्त दिसतो, हे डॉक्टरांना आधी सांगा. एक टेस्ट बिघडली म्हणून निदान होत नाही. आम्ही २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसोलही पाहिलं, तेही वाढलेलं. अॅड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, एसीटीएच, जास्त होतं, म्हणून अॅड्रिनलऐवजी मेंदूचा एमआरआय केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत ११ मिलिमीटरची गाठ निघाली. नाकावाटे ऑपरेशन झालं, शुगरच्या तीनपैकी दोन गोळ्या सुटल्या. नंतर कित्येक महिने कॉर्टिसोलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन मात्र घ्यावं लागलं.

ग्रोथ हार्मोन जास्त असेल तर खुणा वेगळ्या: अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो, दातांत फटी पडतात, घाम आणि घोरणं वाढतं. हे इतकं सावकाश होतं की घरच्यांनाही कळत नाही, म्हणून दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी धरून बघा. फरक वाटला तर ग्रोथ हार्मोन जास्त आहे का ते दाखवणारी आयजीएफ-१ची रक्ताची टेस्ट करून घ्या.