संयुक्त पूर्वचं टाइमटेबल मागण्याआधी

मित्रा, "एमपीएससी संयुक्त गट-ब पूर्व परीक्षेच्या अभ्यासाचं टाइमटेबल द्या" एवढ्यावरून मी काही दिलं, तरी ते तुझ्या कामाचं नसेल. चार गोष्टी कळव: अभ्यासक्रम, परीक्षेची तारीख, रोज हातात उरणारे तास आणि आत्ताची तयारी.

पहिल्या दोन आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतील. तासांचा आकडा मात्र अंदाजाने सांगू नकोस. आठवडाभर वहीत लिही, खरोखर किती वेळ बसलास ते. मी नोकरी करताना "रोज पाच तास" धरले होते. वहीत निघाले अडीच, आणि रविवारी सहा. म्हणजे आठवड्याला 21. बारा आठवडे होते, शेवटचे तीन सराव पेपरांना ठेवले, तर नव्या अभ्यासाला 189 तासच उरले. 300 तास लागणारी पुस्तकांची यादी तिथेच छाटावी लागली.

तयारी कळायला "बेसिक झालंय" पुरत नाही. एक जुना पेपर घे, 100 प्रश्न, घड्याळ लावून एक तास. मग विषयवार बरोबर, चूक आणि सोडलेले मोज. अंदाजाने टिक केलेल्या उत्तरांवर आधीच खूण कर, नाहीतर नशिबाने आलेला गुण तयारीत धरशील. माझ्या पेपरात राज्यघटना बरी होती, पण अंकगणिताचे बहुतेक प्रश्न वेळेअभावी राहून गेले. म्हणून रोजचा पहिला पाऊण तास त्यालाच दिला.

हे आकडे पाठव, मग मिळून बसवू.