शांतीसेनेने चूक केली तर केस कोणावर, युएनवर का देशावर?

जबाबदारी दोघांवर येऊ शकते, पण कोर्टात सापडतो तो सैन्य पाठवणारा देश, कारण युएनला इम्युनिटी आहे, म्हणजे त्याच्यावर कोर्टात खटला चालवता येत नाही. जळगावला लॉच्या पोरांना मी बोस्नियातल्या स्रेब्रेनिका गावातल्या हत्याकांडाचीच केस शिकवतो. जुलै १९९५, तिथे शांतीसेनेत असलेल्या डच, म्हणजे नेदरलँड्सच्या बटालियनने आपल्या कॅम्पात आसऱ्याला आलेल्यांना बाहेर काढलं, त्यात त्यांच्याकडेच कामाला असलेला इलेक्ट्रिशियन पण होता, बाहेर पडल्यावर तो मारला गेला. २०१३ ला डच सुप्रीम कोर्ट म्हणालं, सैनिक युएनच्या हाताखाली असले तरी त्या घडीला नियंत्रण डच सरकारचंही होतं, म्हणून सरकार जबाबदार. मात्र हे दरवेळी चालत नाही बरं का, तिथे सैन्य मागे घ्यायचा निर्णय युएन आणि डच सरकार मिळून घेत होते म्हणून जमलं, नेहमीच्या मिशनमध्ये हुकूम युएनचाच असतो.