सर्व्होचा ओव्हरशूट गणितापेक्षा कमी का येतो?

प्रश्न: डीसी पोझिशन सर्व्होच्या प्रयोगात सूत्राने ओव्हरशूट ४४ टक्के येतो, पण ऑसिलोस्कोपवर ३० टक्केच दिसतो. रिपोर्टच्या चर्चेत कारण काय लिहावे आणि किती टक्के फरक चालतो?

“घर्षण, वाचनातील चूक आणि उपकरणांची मर्यादा” हे ठरीव वाक्य कृपया लिहू नका. आमच्या प्रयोगशाळेत ते फळ्यावरून उतरवून घेण्याची पद्धत होती आणि त्यावरून माझा तिथल्या सरांशी वाद झाला होता. त्यांचे म्हणणे असे की घर्षण डॅम्पिंगमध्ये धरलेलेच असते, म्हणून ओव्हरशूट ३० टक्के आला तर डॅम्पिंग रेशो ०.२५ ऐवजी ०.३६ आहे असे लिहावे आणि विषय संपवावा. हे म्हणणे चूक होते, आणि ते चूक असल्याचे त्याच बाकावरच्या मोटरवर दाखवता येत होते.

आमच्या मोटरचा टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद होता आणि लूपचा गेन प्रतिसेकंद ४० ठेवला होता. त्यावरून नैसर्गिक वारंवारता २० रेडियन प्रतिसेकंद, डॅम्पिंग रेशो ०.२५, ओव्हरशूट ४४ टक्के आणि पीक टाइम ०.१६ सेकंद येतो. मॅन्युअलमध्ये १० अंशांची एकच स्टेप सांगितली होती व तिला ३० टक्के मिळाले, म्हणजे अगदी तुमच्यासारखेच. मी स्टेप वाढवत गेलो, तेव्हा २० अंशांना सुमारे ३७ आणि ४० अंशांना सुमारे ४१ टक्के ओव्हरशूट मिळाला, आणि तिन्ही वेळा पीक टाइम जवळपास ०.१६ सेकंदच राहिला.

रेषीय प्रणालीत ओव्हरशूटची टक्केवारी स्टेपच्या आकारावर अवलंबून नसते. डॅम्पिंग रेशो खरोखर ०.३६ असता, तर ४० अंशांनाही ३० टक्केच मिळायला हवे होते. वेगाच्या प्रमाणात वाढणारे घर्षण टाइम कॉन्स्टंटमध्ये धरलेले असते, हे सरांचे अर्धे म्हणणे खरे आहे. पण ब्रश आणि गिअर यांचे कोरडे घर्षण वेग कितीही असला तरी जवळपास तेवढेच राहते आणि फक्त दिशेनुसार उलटते. शाफ्ट पुढे जात असेपर्यंत ते एका स्थिर विरोधी व्होल्टेजसारखे वागते, त्यामुळे शाफ्ट लक्ष्याभोवती न झुलता लक्ष्याच्या थोड्या अलीकडच्या बिंदूभोवती झुलतो. हे अंतर d अंश, स्टेप r अंश आणि सूत्राचा ओव्हरशूट M मानला, तर मोजलेला ओव्हरशूट असा येतो:

```
M - (d/r)(1 + M)
```

d एक अंश धरला की १०, २० आणि ४० अंशांसाठी अनुक्रमे ३०, ३७ आणि ४१ टक्के येतात. उलट दिशेने, मोजलेला ओव्हरशूट 1/r च्या समोर मांडला तर सरळ रेषा मिळते. ती शून्यापर्यंत वाढवली की ४४ टक्क्यांना छेदते आणि तिच्या उतारावरून d निघतो. स्वतंत्र पडताळणी म्हणून मी इनपुट अगदी सावकाश वाढवले, तेव्हा एररने एक अंश ओलांडल्यावरच शाफ्ट हलला. थांबलेल्या शाफ्टचे घर्षण चालत्यापेक्षा थोडे जास्त असते, म्हणून तो आकडा किंचित मोठाच यायचा.

सरांनी हा तक्ता पाहून “मोठी स्टेप घेऊन बघ, पुन्हा कमीच येईल” असे सांगितले. तसेच झाले: ९० अंशांना ३५ टक्के आले. त्यांना तो स्वतःचा विजय वाटला, पण त्या वेळी पीक टाइमही ०.१९ सेकंदांपर्यंत लांबला होता, आणि कोरड्या घर्षणाने पीक टाइम बदलत नाही. आमचा अॅम्प्लिफायर सुमारे ४५ अंशांच्या एररला सॅच्युरेट होत होता. त्यापुढे लूपचा प्रभावी गेन घटतो, आणि अशा सर्व्होत गेन घटला की डॅम्पिंग रेशो वाढतो. अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर दुसरा प्रोब लावला की लाटेचा कापलेला माथा समोर दिसतो. तो लावायला त्यांनी परवानगी दिली नाही.

तेव्हा तुम्ही किमान तीन स्टेप घ्या आणि प्रत्येकीचा पीक टाइमही नोंदवा. किती फरक चालतो, हे तुमचे परीक्षक ठरवतील. माझ्या मते आकाराबरोबर पद्धतशीर बदलणारा १४ टक्क्यांचा फरक हा न समजलेल्या ३ टक्क्यांपेक्षा चांगला निकाल आहे.

मोजमाप सूत्रापेक्षा कमी आले तरच हे सर्व लागू पडते. जास्त आले, तर मॉडेलमध्ये न धरलेला विलंब शोधा, उदाहरणार्थ टॅकोचा फिल्टर किंवा सॅम्पलिंग. किंवा टाइम कॉन्स्टंट लोड न लावता मोजला होता का ते पाहा. शिवाय टक्केवारी कोणत्या पायावर काढली तेही लिहा, कारण घर्षणामुळे शाफ्ट नेमका १० अंशांवर थांबत नाही. शिखर १३ अंशांना असताना तो १०.६ वर स्थिरावला आणि तुम्ही अंतिम मूल्य पाया धरले, तर तेच ३० टक्के २३ होतात.