‘चालणार नाही’ आणि ‘जमणार नाही’

‘मी ठाण्यातून अनुवादाचं काम करते. न्यू जर्सीतले एक मराठी गृहस्थ माझे ग्राहक आहेत. त्यांनी लिहिलंय, “मंगळवारी आमच्या दुपारी दोनला अर्धा तास बोलू.” म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. मी सातला काम थांबवते. “मला ही वेळ चालणार नाही” हे मलाच उद्धट वाटतंय. “अलीकडची वेळ द्या” असं लिहिलं तर बरोबर होईल का? नेमकं काय लिहावं?’

तुम्हाला उद्धट वाटलं ते बरोबरच वाटलं, आणि त्याचं कारण ‘चालणे’ या क्रियापदात आहे. एखादी गोष्ट आपल्याला ‘चालते’ असं म्हणणारा माणूस मंजुरी देणाऱ्याच्या जागी बसलेला असतो. घरात आजोबांनी ‘चालेल’ म्हटलं की विषय मिटतो. शाळेत ‘हे इथे चालणार नाही’ हे वाक्य शिक्षकच बोलतात, विद्यार्थी नाही. त्यामुळे ‘मला चालणार नाही’ लिहिलं की समोरच्याचा अर्ज आपण नामंजूर केल्यासारखं होतं. पण हेच क्रियापद प्रश्न करून समोरच्याकडे सोपवलं, ‘तुम्हाला चालेल का?’ असं विचारलं, की मंजुरीचा मान त्यांच्याकडे जातो. म्हणून माझा सल्ला असा, की नकारासाठी ‘जमणे’ वापरा आणि ‘चालणे’ प्रश्नासाठी राखून ठेवा.

‘मला जमणार नाही’ यात अडचण माझी आहे, तुमची वेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. ‘मी येणार नाही’ यात इच्छा नसल्याचं ऐकू येतं. ‘मला येता येणार नाही’ किंवा ‘मला जमणार नाही’ म्हटलं की इच्छा बाजूला राहते आणि परिस्थिती पुढे येते. मराठीला हा ‘मला’ फार उपयोगाचा आहे. कृपया, क्षमस्व अशा शब्दांची रास घालून जे साधत नाही ते या एका विभक्तीने साधतं. ‘क्षमस्व’ तर इथे नकोच. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही बंद दुकानावरची पाटी आहे, आणि तुमच्याकडून काही चूकही झालेली नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन ‘जरा अवघड आहे’ किंवा ‘बघते’ असंही लिहू नका. समोरासमोर बोलताना चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, म्हणून ‘अवघड आहे’चा अर्थ ‘नाही’ असा घेतला जातो. लिहून पाठवलेल्या ‘अवघड आहे’ला मात्र ‘बघा ना, अर्धाच तास आहे’ असं उत्तर येतं, आणि ते देणाऱ्याचं काही चुकत नाही, कारण दार आपणच किलकिलं ठेवलेलं असतं. घरी पाहुणे आहेत वगैरे निमित्तही सांगू नका. पाहुणे गेले की पुढच्या मंगळवारी साडेअकरा पुन्हा समोर येतात. खरं कारण छोटं आणि सांगण्यासारखं आहे, ‘माझं काम सातला संपतं’. इथे कर्ता ‘काम’ आहे. ‘मी सातनंतर बोलत नाही’ या वाक्यात तोच मजकूर नियमाच्या पाटीसारखा वाचला जातो.

आता ‘अलीकडची वेळ’. ‘बैठक अलीकडे घेता येईल का?’ हे मराठी अगदी शुद्ध आहे. ‘पुढे ढकलणे’च्या उलट अर्थासाठी आपल्याकडे तोच नेमका प्रयोग आहे. मात्र ‘अलीकडची’ हे विशेषण नामाला जोडलं की ‘अलीकडच्या काळात’ मधला ‘हल्लीची’ हा अर्थ मध्ये येतो आणि वाचणारा अडखळतो. त्याऐवजी ‘लवकरची वेळ’ लिहावं, तर ‘लवकर’चेही दोन अर्थ आहेत. ‘लवकर उठतो’ यात सकाळ आहे, ‘लवकर भेटू’ यात थोडेच दिवस. ‘जरा लवकर बोलू या का?’ असं विचारलंत तर ते सोमवारी दुपारी दोन असं कळवतील, आणि तुमचे रात्रीचे साडेअकरा जागच्या जागीच राहतील!

‘पुढे’ आणि ‘मागे’ तर आणखी फसवे आहेत. ‘पुढे ढकलली’ म्हणजे नंतर, यात कोणालाच शंका नसते. पण नुसतं ‘दोन तास पुढे घ्या’ म्हटलं की काही जण ‘नंतर’ समजतात आणि काही जण ‘आधी’. मी एकदा एका कार्यशाळेसाठी ‘एक तास पुढे घेऊ’ असं कळवलं. माझ्या मनात पाचचे सहा होते आणि वक्ते चार वाजताच हजर झाले. तेव्हापासून मी दिशा लिहीत नाही, आकडा लिहिते. ‘मागे घेऊ’ तर नकोच, कारण अर्ज मागे घेतात तशी बैठक मागे घेतली, म्हणजे रद्दच केली, असं कोणी समजेल.

आकडा लिहायचा तो दोन्हीकडचा. सध्या तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तुमचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ. अर्ध्या तासाचं बोलणं सातच्या आत संपवायचं तर त्यांच्या नऊला सुरू करावं लागेल. मी असं लिहिलं असतं:

‘नमस्कार. वेळ कळवल्याबद्दल आभार. तुमचे दुपारचे दोन म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा होतात आणि माझं काम सातला संपतं, त्यामुळे ती वेळ मला जमणार नाही. त्याऐवजी मंगळवारीच तुमच्या सकाळी नऊला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसहाला बोललो तर चालेल का? नऊ अडचणीचे असतील तर बुधवारी किंवा गुरुवारी तुमच्या साडेआठलाही मला जमेल.’

यात ‘पण’ऐवजी ‘त्याऐवजी’ आहे तो मुद्दाम. ‘जमणार नाही, पण’ म्हटलं की वाचणारा मागच्या नकाराशीच रेंगाळतो. ‘त्याऐवजी’ त्याला पुढच्या वेळेकडे नेतं. ‘मंगळवारीच’ मधला ‘च’सुद्धा कामाचा आहे, कारण दिवस त्यांचाच ठेवला आहे हे त्या एका अक्षराने कळतं.

त्यांनी उलट दुपारचे तीन सुचवले तर आणखी एक घोळ होईल. ते होतात आपले रात्रीचे साडेबारा. आपण बोलताना त्याला ‘मंगळवारी रात्री साडेबारा’ म्हणतो, कारण आपल्या मनातला वार उजाडल्यावर बदलतो, पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. मोबाइलमधलं कॅलेंडर मात्र त्याला बुधवार म्हणेल. अशी वेळ नाकारतानाही ‘मंगळवार आणि बुधवारच्या मधली रात्र’ असं उलगडून लिहा.

आणि हे बोलणं दर आठवड्याला होणार असेल, तर कोणाचं घड्याळ कायम धरायचं ते आताच ठरवून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. ‘तुमचे नऊ’ असं ठरलं असेल, तर नोव्हेंबरपासून तेच नऊ तुमच्याकडे साडेसात होतील, म्हणजे पुन्हा कामाच्या वेळेबाहेर. ‘आमचे साडेसहा कायम ठेवू या, हिवाळ्यात तुमच्याकडे तेव्हा आठ वाजलेले असतील, चालेल ना?’ एवढं वाक्य ऑक्टोबरमध्येच पाठवून द्या.