पुण्यात असूनही तू तीन तास लांबच आहेस

ताई, मी 29 वर्षांचा, एकुलता एक. पुण्यात डिझाइन इंजिनिअर आहे. आईबाबा कराडला असतात. बाबा 71 वर्षांचे, चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. आई 66 ची, गुडघे दुखतात तरी सगळं तीच करते. मला जर्मनीत श्टुटगार्टच्या एका कंपनीत नोकरी मिळतेय, पाच महिन्यांत रुजू व्हायचंय. दोघंही ‘जा’ म्हणतात. पण गेलो तर मन खाईल आणि राहिलो तर सल राहील. काय करू?

*

प्रिय मित्रा,

रात्री दोन वाजता बाबा बाथरूममध्ये पडले, तर आज काय होतं? तुला फोन येतो, तू गाडी काढतोस आणि पहाटे पोचतोस. तोवर त्यांना उचलून दवाखान्यात नेलेलं असतं ते शेजाऱ्यांनी. म्हणजे पहिले तीन तास तू आजही तिथे नसतोसच. तुझ्या जाण्याने बदलेल ते त्यापुढचं: दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलणं, चार रात्री उशाशी बसणं, आईला घरी पाठवून झोपायला लावणं. ते कोण करेल, हा तुझा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर जाण्याआधीच शोधता येतं. येते सहा आठवडे कराडला जाऊ नकोस. खरंच काही गंभीर झालं तर अर्थातच जा, पण गॅस सिलिंडर, बँक, औषधं, तपासणीची तारीख यांसाठी नाही. आईला हे आधी सांग आणि एका वहीत लिहायला सांग, कुठे अडलं आणि कोण धावून आलं. माझी अटकळ अशी की बरंचसं निभावेल आणि दोनतीन गोष्टींवर गाडी रुतेल. त्या दोनतीन गोष्टींसाठीच पगारी माणूस लागेल. तो तू इथे असतानाच ठेव. परक्या माणसाकडून आंघोळ घालून घ्यायला बाबांना महिना दीड महिना जाईल, आणि तेवढ्यात एकदोन माणसं बदलावीही लागतील.

दोन कामं मात्र आजच हातात घे. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक आणि वेडंवाकडं होत जातं, मग बँकेत सही जुळत नाही. बाबांची सही चालतेय तोवर त्यांच्या खात्यात आईचं नाव जोडा, दोघांपैकी कोणालाही एकट्याने पैसे काढता येतील असं. दुसरं, बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिही. पार्किन्सन्सची गोळी तास दोन तास उशिरा झाली तरी माणूस आखडतो, आणि दवाखान्यात भरती झाल्यावर नेमकी हीच गोळी वॉर्डच्या वेळापत्रकात मागे पडते. त्याच पानावर हेही लिही की मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड यांना द्यायचं नाही, त्याने कंप आणि ताठरपणा वाढतो. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टकडून ते पान एकदा तपासून घे. रात्री फाईल घेऊन धावणाऱ्या शेजाऱ्याला हे तोंडी सांगता येणार नाही.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, बाबांचं कार्ड काढलं नसेल तर काढ. ते भरती झाल्यावरच्या उपचारांपुरतं असतं. रोजची औषधं आणि सांभाळणारा माणूस यांचा खर्च तुझ्याच पगारातून जाणार. म्हणून तिकडचा पगार मोजताना हा आकडा आधी वजा कर.

‘नंतर त्यांनाच तिकडे नेईन’ या आशेवर निर्णय घेऊ नकोस. 1 मार्च 2024 नंतर तिथे पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना बोलावण्याची सोय जर्मनीने केली आहे खरी, पण त्यांचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. त्या वयाला, त्या आजाराला विमा मिळवणं फार अवघड जातं.

मला विचारशील तर तू जावंस. बाबांचा आजार सावकाश वाढणारा आहे, आत्ताची काही वर्षं त्यातल्या त्यात बरी आहेत. पण परतायचं कधी, हे जाण्याआधी ठरव. पाण्याच्या घोटालाही ठसका लागू लागला, महिन्यात दोनदा पडले किंवा आईला सलग झोप मिळेनाशी झाली, तर महिनाभर रजा काढून येऊन बघायचं आणि गरज असेल तर परतायचं. हे आईला सांग आणि कंपनीला बिनपगारी रजेचं आत्ताच विचार, करारावर सही करण्याआधी.

आणि आईशी एकटीशी बोल, बाबा घरात नसताना. त्यांच्यासमोर ती ‘जा’ असंच म्हणेल. तिला ‘मी जाऊ का’ असं विचारू नकोस. रात्री किती वेळा उठावं लागतं, ते विचार.

तुझी,
ताई