फौजेतला अनुभव बायोडेटात कसा मांडावा?

प्रश्न: दीड वर्षात सैन्यातून निवृत्त होतोय, वय ३८. वाहनदुरुस्ती विभागाचा प्रमुख आहे. बायोडेटा पाठवतो, पण कुणी बोलावतच नाही. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा तुम्ही हुद्दा, तुकडी आणि कोर्सची नावं लिहिताय. बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते काम: किती गाड्या, किती माणसं, काय सुधारलं.

समजा, तुम्ही लिहिलंय, ‘वर्कशॉप प्रमुख, ६ वर्षं’. त्याऐवजी असं लिहा: ‘४० अवजड वाहनांची देखभाल, १२ मेकॅनिकांचं वेळापत्रक, सुट्या भागांचा साठा आणि हिशेब. सुटे भाग आधीच मागवून ठेवल्यामुळे बंद पडून राहणाऱ्या गाड्या ९ वरून ४ वर.’ आकडे अर्थातच तुमचे खरे हवेत, कारण मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतात. तुकडीचं ठिकाण किंवा शस्त्रसज्जतेसारखी गोपनीय माहिती मात्र लिहू नका.

मग फौजेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. तो जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल, ती ओळ बदला.

आणि ‘मॅनेजर’ एवढंच शोधू नका. वाहनताफा देखभाल, बस डेपो, खाणीतली यंत्रं यांच्या जाहिराती बघा. त्यात एखादं प्रमाणपत्र पुन्हापुन्हा मागितलेलं दिसलं, तर फौजेतला कोर्स त्याऐवजी चालतो का हे आत्ताच विचारा. चालत नसेल तर परीक्षेला महिने जातात, आणि ती पगार चालू असतानाच दिलेली बरी.